गाण्यातला तिसरा अंतरा

जयंतीच्या कार्यक्रमासाठी दौंडमध्ये आमच्या वस्तीच्या गायन पार्टीची तालीम सुरू होती. मुख्य गायकानं एक जुनं भीमगीत निवडलं होतं. मोबाइलवर ते मिळालं. नावापुढे ‘रिमास्टर’ असं लिहिलेलं होतं. दोन अंतरे, शेवटी कोरस, गाणं संपलं.

माझ्या शेजारी राहणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. “तिसरा अंतरा कुठं गेला?” त्यांनी विचारलं. “रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या बायांचा. त्यो मी गायलेय.”

मावशी तरुणपणी त्या गाण्याच्या कोरसमध्ये होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकटीनं अंतरा गायल्याचं मात्र कुणी ऐकलं नव्हतं.

“मावशी, सपनात गायला आसाल,” ढोलकीवाला म्हणाला.

“सपनात तुझी ढोलकी तरी तालात वाजती का रं?”

सगळे हसले. पण गायकानं निर्णय सांगितला. रेकॉर्डमध्ये असेल तेवढंच स्टेजवर होईल. अंतरा रेकॉर्डमध्ये सापडला, तर तो मावशींनीच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या घरातली जुनी कॅसेट आणली. तीही लावली. त्यातही दोनच अंतरे. “आता बोला,” तो म्हणाला. “ही तर त्या काळातली हाय.” मावशी घरी गेल्या.

मी बातमीदार; या कामात एक सवय लागते. दोन कागद एकच गोष्ट सांगत असले, तरी दुसरा पहिल्यावरून उतरवलेला नाही ना, हे पाहावं लागतं. मी कॅसेट मागून घेतली. शिरूरला मंडपांचं साउंड करणारे एक मामा छोटा स्टुडिओ चालवतात. मी मावशींना घेऊन एसटीनं तिथं गेलो.

मामांनी कॅसेट हातात फिरवून पाहिली. कोऱ्या कॅसेटवर पेननं गाण्याचं नाव होतं. त्यांनी ती अगदी सुरुवातीपासून लावली. गाण्याआधी निवेदिकेच्या वाक्याचं शेपूट ऐकू आलं: “…सादर करीत आहोत.”

“ही रेडिओवरनं भरलीय,” मामा म्हणाले. “तवा घरोघर हेच चालायचं. कॅसेट जुनी हाय, पण गाणं रेडिओसाठी कापलेलं हाय.”

“मग मोबाइलवरचं?” मी विचारलं. “ते तर रिमास्टर आहे.”

“रिमास्टर म्हंजी आवाज साफ करायचा, खरखर काढायची. त्यात अंतरा गळत न्हाई. ज्याच्यावरनं केलं त्यातच नसंल.”

त्यांनी दोन्ही आवाज संगणकावर एकाखाली एक ठेवले. दुसरा अंतरा संपतो तिथं ढोलकीची शेवटची थाप घुमता घुमता तुटत होती आणि लगेच कोरस सुरू होत होता. दोन्हींत अगदी त्याच जागी. म्हणजे मोबाइलवरच्या गाण्याचं मूळही रेडिओचीच आवृत्ती असावी. पण तुटलेल्या जागी काय होतं, हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. कंपनीनं विकलेली कॅसेट हवी होती.

ती कुठं मिळेल, हेही मामांनीच सांगितलं. लाउडस्पीकरवाले घरी भरलेली कॅसेट वापरत नसत. कर्ण्यावर ती फाटक्या आवाजात वाजे. ते कंपनीचीच घेत. शिरूर तालुक्यातल्याच कवठे येमाईत असे एक आबा होते; आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या लोखंडी पेटीत छापील वेष्टनासकट कॅसेट निघाली.

“गाणं ऐकवलंत तर द्यीन,” आबा म्हणाले. “माझं मशिन कवाच बंद पडलंय.”

आबांनाही सोबत घेऊन आम्ही शिरूरला परतलो. कॅसेट सुरू झाली. दुसरा अंतरा संपला, ढोलकीची थाप पूर्ण घुमली आणि एका तरुण मुलीचा आवाज उठला. मालधक्का, डोक्यावर पोती, सभेला निघालेल्या बाया. मावशी पुटपुटत प्रत्येक शब्द आधीच म्हणत होत्या.

आबांनी मान वळवून पाहिलं. “ह्यो आवाज तुमचा व्हय?”

“व्हय, आबा.”

“बाई, तुमी आमच्या गावातली कैक लग्नं गाजवलीत.”

तो भाग मामांनी मोबाइलवर भरून दिला. तालमीत तो ऐकून पेटीवाल्यानं शेवटची शंका काढली. हा अंतरा दुसऱ्या गाण्यातला, मागून जोडलेला असेल. मामांनी सांगितलेलं उत्तर मी दिलं: तसं असतं तर पट्टी जुळली नसती आणि जोडाच्या जागी थापही तुटली असती. पेटीवाल्यानं पेटीवर सूर धरला. मोबाइलवरचे दोन अंतरे आणि कॅसेटवरचा तिसरा, तिन्ही एकाच पट्टीत होते. अंतरा मागून जोडलेला नव्हता. गाणं मुळातच तेवढं मोठं होतं.

गायक उठला. वहीतल्या दोन अंतऱ्यांखाली त्यानं तिसरा लिहून घेतला आणि मावशींकडे पाहिलं. “मावशी, पट्टी झेपंल का?”

“तू तुझी सांभाळ.”

जयंतीच्या संध्याकाळी दुसरा अंतरा संपला. ढोलकीवाल्यानं थाप दिली आणि ती पूर्ण घुमू दिली. मावशी माइकपुढे आल्या. आवाज आता जाड झाला होता, पण सूर तिथंच लागला. रेल्वेत हमाली केलेल्या म्हाताऱ्या बाया पहिल्या रांगेतून उभ्या राहिल्या आणि अंतरा संपायच्या आत टाळ्या सुरू झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!”

मावशींनी ढोलकीवाल्याकडे पाहिलं.

“सपनातलं परत म्हणू का रं?”

त्यानं हसत थाप दिली.