फोनवरची एक मुलाखत

झोर्नित्साच्या पेपरच्या सारांशात प्रश्न चोख होता: प्लोवदिव शहरात आलेल्या मुली गावातल्या एकट्या आयांना कशा सांभाळतात? निष्कर्षही होता: फोन रोज, भेट क्वचित. आणि युक्तिवाद: फोन केला की न गेल्याची टोचणी बोथट होते.

"आणि पद्धत कुठे गिळलीस?" समाजशास्त्राच्या मादलेनाबाई कडाडल्या. "मुलाखती कुणाच्या, कशा घेतल्या?"

"बारा आयांच्या. अकरा घरी जाऊन, एक फोनवर."

"ती एकच फोनवर का? कारण लिहावं लागतं, पोरी."

झोर्नित्साने मान खाली घातली. "ती माझी आई होती. जायला जमलं नाही."

बाईंचा आवाज उतरला. "होती म्हणजे?"

"मार्चमध्ये गेली. पण फोन रोज करायचे हं मी, बाई."