पॉइंट योजनेसाठी दिलेला नंबर

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला माझी महिन्याची यादी आवडते. डाळी वेगळ्या, मसाले वेगळे, असं मी लिहिते. म्हणून पॉइंट योजना सुरू करताना तो म्हणाला, "वैनी, स्टेटसला टाकायचं तुम्हीच लिवा की. माझं लिवलेलं मलाच कळत न्हाय."

मी काउंटरवरच लिहून दिलं: "आपल्या दुकानात पॉइंट योजना सुरू! शंभर रुपयांच्या खरेदीवर एक पॉइंट. पन्नास पॉइंट झाले की पुढच्या बिलात पन्नास रुपये सूट. फी नाही. मोबाइल नंबर सांगा, आलेला ओटीपी द्या, झालात सभासद. पॉइंट वापरतानाही ओटीपी लागेल, म्हणून स्वतःजवळचाच नंबर द्या."

पहिली सभासद मीच. त्यानं नंबर विचारला आणि मी सवयीनं मुलीचा सांगितला. गॅसला, लाइट बिलाला तोच दिलाय. माझा फोन गप्पच. दोन मिनिटांनी पुण्याहून तिचा फोन आला.

"आई, दुकानाचा ओटीपी आलाय. कुणी फसवत नाही ना?"

तीन आठवड्यांनी आवाज ऐकला. मी ओटीपी लिहून घेतला. मग तिनं विचारलं, "जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर दुकानदार हसला. "सोताच लिवलं आन् सोताच चुकलासा! बदलू काय नंबर?"

"राहू दे," मी म्हटलं.

माझ्या एकटीच्या किराण्यावर पन्नास पॉइंट व्हायला बरेच महिने लागतील. पण ते वापरायच्या दिवशी ओटीपी तिच्याकडेच जाईल, आणि तो सांगायला तिला फोन करावाच लागेल.