पैठणी पचवणारी पावडर

“अहो, माझी पैठणी हातात फाटतेय!”

बायकोची किंकाळी पिंपरीच्या आमच्या कारखाना-वसाहतीतून थेट पल्याडच्या चऱ्होली गावाला पोचली असावी. उद्या तिच्या बहिणीचं लग्न आणि नेसायला ती एकच पैठणी! बासुंदीचा डाग जावा म्हणून मी ती रात्रभर कोमट पाण्यात कपडे धुण्याची परदेशी पावडर घालून भिजवली होती. त्याच पावडरीनं माझ्या कामावरच्या सुती कोटांवरचं रक्त, अंडं, दूध असं फस्त केलं होतं, की कोट नवरदेवासारखे मिरवत!

रडकुंडीला येऊन मी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना गाठलं.

“अहो राव, त्यातलं पाचक द्रव्य प्रथिनं तोडतं. डागही प्रथिनांचा, रेशीम आणि लोकरही प्रथिनांची. सुतात तेवढी प्रथिनं नसतात.”

“साहेब, उपाय सांगा! सासुरवाडी मला जिवंत सोडणार नाही!”

“उपाय नाही. उद्या सुती नेसायला सांगा.”