दहावर अंगठा

नवरा गेल्याला तीन आठवडे झाले आणि मी हिंगोलीत जाऊन नवा टेप विकत आणला. फायबरचा, पंधरा मीटरचा. जुना त्याच्या पिशवीत होता आणि ती पिशवी मला उघडायची नव्हती. त्या जुन्या, टोक झिजलेल्या टेपवरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो होतो. नवा घे म्हटलं की तो हसायचा आणि विषय बदलायचा. आता नवा आणायला कुणाचीच आडकाठी नव्हती.

दोघंही नकाशे काढायचो. पुसेगावच्या पुढे एका गावातल्या लहानशा महादेवाच्या देवळाचं काम त्याने घेतलं होतं, ते आता माझ्याकडे आलं होतं. देवळाची दर्शनी भिंत बाहेर झुकली होती. गवंडी पंधरा दिवसांनी ती उतरवणार होता आणि तेच दगड पुन्हा जागच्या जागी बसवणार होता. कुठला दगड कुठे, हे सांगायला माझा नकाशा सोडून दुसरं काही असणार नव्हतं. तो चुकला तर भिंत चुकणार. हे मला कळत होतं, पण काही वाटत नव्हतं. त्या दिवसांत मला भूकसुद्धा लागत नव्हती.

पहिला दिवस मी आखणीसाठी ठेवला होता. म्हातारे गुरव मदतीला आले. आधी देवळाला दोन फेऱ्या मारल्या, मग वहीत डोळ्याच्या अंदाजाने आराखडा काढला. कोपऱ्यांना अ, ब, क, ड अशी नावं दिली. फरशी उतरती होती, म्हणून तिच्यावरून उंची धरून चालणार नव्हतं. गुरवांनी एका टोकाला सुतळी धरली, मी पाणसळ लावून ती आडवी केली आणि त्या रेघेवर खडूच्या खुणा केल्या. सगळ्या उंच्या या खुणांपासून वर आणि खाली मोजायच्या, असं वहीत लिहिलं. मग कोणती मापं, कोणत्या क्रमाने, त्याची यादी केली. कर्ण विसरायचे नाहीत, हे दोनदा लिहिलं.

जेवणाच्या सुट्टीआधी पद्धत जमते का बघायला दर्शनी भिंत मोजून पाहिली. गुरव टेपचं टोक धरत, मी दुसऱ्या बाजूने आकडा वाचून लिहीत होते. दाराच्या डावीकडची भिंत एकशे बावीस सेंटिमीटर, दार चौऱ्याऐंशी, उजवीकडची भिंत एकशे अठरा. मग पूर्ण भिंत एका दमात: तीनशे चार. तुकड्यांची बेरीज मात्र तीनशे चोवीस आली.

जुन्या दगडात एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. वीस नाही. मी पुन्हा मोजलं, तेच आलं. स्वतःचाच राग आला. तीन तुकडे धड मोजता येत नाहीत आणि निघाली देवळाचा नकाशा काढायला. गवंड्याला फोन करून काम सोडते म्हणावं, असंही मनात आलं.

शेवटी गुरवांना टोक तसंच धरून ठेवायला सांगून मी त्यांच्याकडे चालत गेले. गुरवांचा अंगठा भिंतीच्या कडेवर घट्ट होता, आणि अंगठ्याखाली टेपवरचा दहाचा आकडा. पहिले दहा सेंटिमीटर भिंतीबाहेर लोंबत होते.

"इथं काहून धरलं, बाबा?"

"साहेबांनीच शिकवलं न्हाई का," ते म्हणाले. "मागल्या खेपेला आले तवा. टोक झिजलंय म्हणले, दहावर अंगठा ठेवायचा, मंग लिहिताना दहा वजा करायचे. चुकलं का माझं, ताई?"

प्रत्येक मापात दहा जास्त. तीन तुकड्यांत तीस, पूर्ण भिंतीत दहा. फरक बरोबर वीस. मी त्याच्याशी भांडत राहिले, पण तो माप कसं घेतो हे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"नाही चुकलं," मी म्हणाले.

"आणखी एक म्हणले होते." गुरव जरा हसले. "आमच्या घरी हे सांगू नका, लगेच नवा टेप आणतील."

नवा टेप माझ्याच हातात होता. मी पायरीवर बसले आणि रडले, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, मोठ्याने. गुरवांनी टेपचं टोक सोडलं नाही. ते तसेच उभे राहिले.

मग तोंड धुतलं. अर्धी मापं दहावरून आणि अर्धी शून्यावरून घेतली असती तर सगळाच घोळ झाला असता. वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मी लिहिलं: प्रत्येक मापातून दहा वजा.

"आता शेवटपर्यंत असंच धरा, बाबा."

"व्हय," ते म्हणाले आणि अंगठा पुन्हा दहावर ठेवला.