पावलांचा तक्ता

पंचायत समित्या नव्यानं सुरू झाल्या, त्या काळात मी शिरूरच्या समितीत आकडे गोळा करणारा कारकून होतो. गावोगावचे ग्रामसेवक दर महिन्याला छापील फॉर्म भरून पाठवत. ते एकत्र करून जिल्ह्याला मोठा तक्ता पाठवायचा, एवढंच माझं काम. गणित बरं होतं, अक्षर चांगलं होतं, आणि या दोन्हींचा मला नको तेवढा गर्व होता. कुणी बेरजेत चूक काढली की माझा दिवस नासायचा. ती चूक खरोखर माझीच असली तर दोन दिवस.

आमच्या भागात तेव्हा नारू फार. पाऊस पडून वाफसा झाला, पेरणीची घाई सुरू झाली की घरोघरी माणसं पाय धरून बसायची. पायाला फोड यायचा, तो फुटून त्यातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर आणखी हाल. महिना महिना माणूस खाटेवर. गावच्या विहिरींना पायऱ्या असत. लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून हंडा भरत, त्यांच्या जखमेतून जंताची पिल्लं पाण्यात जात, आणि तेच पाणी सगळं गाव पीत असे. पायऱ्या बुजवून वर कठडा बांधला, चाकावरून पाणी ओढलं, की नारू थांबतो. हे डॉक्टरांना ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं. फक्त कुणी काही करत नव्हतं.

पहिल्या वर्षी समितीच्या सभेत मी तक्ता वाचून दाखवला. सगळी गावं, बाराही महिने, पुरुष, स्त्रिया, मुलं वेगवेगळी. एक आकडा सोडला नाही. वाचता वाचता मान वर केली तर निम्मे सभासद बाहेर पान जमवत उभे होते. इतिवृत्तात एकच ओळ आली : सभेने माहितीची नोंद घेतली. मी चार दिवस कुणाशी धड बोललो नाही.

आमचे गटविकास अधिकारी पुण्याचे, शांत गृहस्थ. दुसऱ्या वर्षी पेरण्या उरकत आल्या तेव्हा त्यांनी मला बोलावलं. तीन विहिरींना पुरेल एवढ्या सिमेंटचा परवाना आला होता. त्या काळात सिमेंट मिळणं किती कठीण होतं ते आता सांगूनही पटणार नाही. पण सभा ते नारूसाठी देईल याची खात्री नव्हती. शाळेच्या व्हरांड्याला, चावडीला, सगळीकडे मागणी होती.

“गेल्या वेळी तुम्ही सगळं सांगितलंत,” साहेब म्हणाले, “म्हणून कुणी काही ऐकलं नाही. या वेळी एकच गोष्ट सांगा. त्यांच्या शेताची सांगा. आणि शेवटी त्यांनी काय करायचं ते स्पष्ट मागा.”

मला राग आला, पण म्हणणं खरं होतं. मी मिशनच्या शाळेत शिकलेला. तिथे रविवारी भिंतीवर मोठी चित्रं लावून गोष्टी सांगत. एका चित्रात एकच प्रसंग, आणि तो मागच्या बाकावरून दिसला पाहिजे. ते आठवलं. मी लिंग, वय, महिने सगळं काढून टाकलं. फक्त पेरणीचे दिवस ठेवले आणि फक्त पाच गावं, ज्यांच्या विहिरींना पायऱ्या होत्या आणि जिथे सिमेंट नेणं सोपं होतं. बटाटा कापून पावलाचा ठसा केला, लाल शाई घेतली, आणि पेरणीत ज्या ज्या घरातलं माणूस खाटेवर होतं त्या प्रत्येक घरामागे एक पाऊल उठवलं. एका गावासमोर पावलांची रांग कागदाच्या टोकापर्यंत गेली. खाली बारा महिन्यांची एक पट्टी काढली. नारूचं पाणी पोटात गेल्यावर जंत बाहेर यायला साधारण वर्ष लागतं, म्हणून लोकांना दोन्हींचा संबंध लागत नसे. पट्टीच्या या टोकाला हंडा काढला, त्या टोकाला पेरणीची तिफण.

चार गावांच्या रांगा झाल्या. पाचव्या गावाचा फॉर्म आला नव्हता. ते गाव घोड नदीच्या पलीकडच्या अंगाला, आडवळणी. आमच्या कचेरीत रिवाज असा की तारखेपर्यंत फॉर्म आला नाही तर त्या रकान्यात ‘निरंक’ लिहायचं. रकाना मोकळा ठेवला तर जिल्ह्याहून अख्खा तक्ता परत यायचा. मी शेकडो वेळा निरंक लिहिलं होतं. मोठ्या तक्त्यात ते खपून जाई, कारण तो कुणी वाचतच नसे. या वेळीही हात आपोआप चालला. निरंक, म्हणजे पाऊल नाही. त्या गावासमोर स्वच्छ पांढरी जागा राहिली, आणि खरं सांगतो, ती मला आवडली. तिच्यामुळे बाकीची लाल पावलं आणखी उठून दिसत होती.

सभेत तक्ता उलगडला तेव्हा आधी हशा झाला. “काय मास्तर, गौरी आल्या का?” कुणीतरी म्हणालं; अक्षरामुळे मला सगळे मास्तर म्हणत. मीही हसलो. मग म्हटलं, “गौरीच आहेत, पण या उलट्या जाणाऱ्या. एक पाऊल म्हणजे एक घर. या घरात पेरणीला माणूस उभं राहिलं नाही.” हसणं थांबलं. एक सभासद उठून जवळ आले आणि आपल्या गावची पावलं बोटानं मोजू लागले. मोजता मोजता घरांची नावं घ्यायला लागले. मी पट्टीवर बोट ठेवलं. “गेल्या वर्षी प्यालेलं पाणी यंदा पायातून निघालं. आता पायऱ्या बुजवल्या तर पुढची नाही, पण त्याच्या पुढची पेरणी तुम्ही पायावर उभं राहून कराल. तीन विहिरींचं सिमेंट आहे. कोणत्या तीन, ते आज ठरवा.” त्या दिवशी कुणी पानाला उठलं नाही.

पाचव्या गावचे सभासद म्हणजे एक म्हातारे शेतकरी. सगळे त्यांना आबा म्हणत. ते उभे राहिले.

“आमचं गाव ह्यात कोरं का?”

“तिथे नारू नाही, आबा.”

“कोन म्हंतो न्हाई? माझी सून आज म्हैना झाला खाटंवर हाय. शेजारची दोगं हायती.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. सभा माझ्या मुठीत होती आणि ती सुटते की काय अशी मला धास्ती वाटली. मी म्हणालो, “आबा, एका घरानं गाव होत नाही. कागद निरंक आहे.”

पुन्हा हशा झाला. आबांनी एकदा तक्त्याकडे पाहिलं. “कागुद म्हंतोय तर आसंल,” असं म्हणून ते बसले. ज्यांच्या रांगा सगळ्यांत लांब त्या तीन गावांना हात वर झाले. आबांनीही हात वर केला.

तीन आठवड्यांनी त्या गावचा ग्रामसेवक काठी टेकत कचेरीत आला. पायाला चिंधी बांधलेली. “फॉर्म द्यायचा ऱ्हायला, मला सोताला नारू झाला हुता,” म्हणाला. “चालाया येईना, आन् गावात कुनाला धाडावं तर समदी पडलेली.” फॉर्ममधली घरं मी उभ्याउभ्या मोजली. त्या गावची रांग कागदाच्या कडेपर्यंत गेली असती आणि तिथून खाली वळवावी लागली असती.

सिमेंट अजून गोदामात होतं. एक गाव बदलता आलं असतं. मी तो फॉर्म घेऊन साहेबांच्या दारापर्यंत गेलो. आत साहेब आनंदात होते. दौंडच्या समितीनं तो तक्ता दाखवायला मला बोलावलं होतं, तसं पत्र आलं होतं. “तुमचं काम बघा कुठे पोहोचलं,” असं म्हणून त्यांनी मला समोर बसवून चहा पाजला. आजवर कुणी मला समोर बसवलं नव्हतं. फॉर्म माझ्या खिशातच राहिला. पुढच्या महिन्याच्या गठ्ठ्यात मी तो घातला. जिल्ह्याच्या तक्त्यात तो नीट गेला, आणि तो तक्ता कुणी वाचत नव्हतं.

दौंडला मी जाऊन आलो. तोच कागद भिंतीला लावला. तिथल्या एका सभासदानं विचारलं, “त्या एका गावात नारू कसा नाही हो? तिथली माणसं काय करतात?” तो प्रश्न मला आजही ऐकू येतो. मी म्हणालो, “तिथे नदीचं वाहतं पाणी पितात.” कुणी न सांगता हे माझ्या तोंडून निघालं. दौंडकरांनी त्याच दिवशी दोन विहिरींचा ठराव केला. तिथली माणसं त्या ठरावामुळे नक्कीच वाचली असतील. मी अनेकदा मनाशी ते म्हणून पाहिलंय, त्यानं काही हलकं वाटत नाही.

मधली एक पेरणी गेली, त्याच्या पुढची आली. त्या तीन गावांतून आलेल्या फॉर्मांवर जवळजवळ काहीच नव्हतं. साहेब म्हणाले, नवा तक्ता करा, जुन्याच्या शेजारी लावू. पाचव्या गावचा फॉर्म या वेळीही आला नाही. या वेळी मी सायकल काढली आणि नदी ओलांडून स्वतः मोजायला गेलो.

घरोघर फिरलो. विहिरीच्या पायऱ्यांवर बायका उतरत होत्या, त्यांतली एक लंगडत होती. आबांचं घर शेवटी ठेवलं, मुद्दाम. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली. मी फॉर्म काढला आणि विचारलं, घरात कुणाला नारू आहे का.

“सुनंला पुन्ना झाला हुता,” आबा म्हणाले. “ह्या येळी जखम चिघाळली. मग दातखीळ बसली. शिरूरच्या दवाखान्यात न्हेली, डागदर म्हनला धनुर्वात. परवाच्या दिशी दहावा झाला.”

मला वाटत होतं, त्यांनी मला शिव्या द्याव्यात, तक्त्याचं नाव काढावं. त्यांनी तसं काही केलं नाही. ते माझ्या हातातल्या फॉर्मकडे पाहत होते, सभेत पाहिलं होतं तसंच, आदरानं.

“मास्तर, तिला धरत्यात का ह्यात?”

फॉर्मवर वरच छापलेलं होतं : भेटीच्या दिवशी आजारी असलेल्या व्यक्तींची संख्या. मी ते त्यांना वाचून दाखवलं.

“मंजी न्हाई धरत.”

“नाही, आबा.”

त्यांनी थोडा विचार केला. कागदात चूक राहू नये याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी होती.

“मग आमच्या घराचं लिवा,” ते म्हणाले. “आमच्यात नारू कुनाला न्हाई.”

आणि मी तसं लिहिलं.