पन्नासच्या आतले गुण

मी लेखिका नाही. आयुष्यभर सरकारी टिपणे लिहिली, आणि त्यांत लिहिणाऱ्याचा राग कुठे दिसू द्यायचा नसतो. वयाच्या या टप्प्यावर, कोणी मागितलेले नसताना, स्वतःविषयी चार पाने लिहायला बसणे हे माझ्यासारखीने करू नये असे धाडस आहे, याची मला जाणीव आहे. वाचकाने एवढा आगाऊपणा पोटात घालावा. पण ज्या गोष्टीविषयी लिहिणार आहे तिचा संताप इतक्या वर्षांनीही ओसरलेला नाही, आणि टिपणात तो मावणार नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आम्ही बदलापूरला बेलवलीत राहत होतो: दादा, वहिनी, त्यांची दोन मुले आणि मी. एम.ए. होऊन मी अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्याच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळत होते. पगारातले बहुतेक पैसे घरात देऊन महिन्याला नव्वद रुपये माझ्याजवळ उरत. त्यांतच येणे-जाणे, चपला, औषध आणि राज्य सरकारच्या एका लेखी परीक्षेची तयारी बसवायची होती. वयाच्या अटीप्रमाणे मला ती परीक्षा एकदाच देता येणार होती. पुढच्या वर्षी माझा अर्ज कोणी हातातही घेतला नसता.

नव्वद रुपयांत काय घ्यायचे आणि काय सोडायचे, याचा विचार मी परीक्षेच्या अभ्यासाइतकाच मन लावून केला होता. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच घेतलाच पाहिजे, कारण काय विचारतात तेच ठाऊक नसेल तर बाकीचे सगळे वाचन आंधळे. वर्तमानपत्र वाचनालयात फुकट मिळत होते, ते विकत घेणे ही चैन. इतिहास-भूगोलासाठी आठवी ते दहावीची शालेय पुस्तके पुरेशी होती, आणि ती उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी आजोबांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळत. त्यांची पद्धत सरळ होती. पुस्तक पाऊण किमतीला द्यायचे, आणि पान न दुमडता परत आणले तर अर्ध्या किमतीला घ्यायचे. म्हणजे पाव किमतीत वर्षभर पुस्तक वापरायला मिळे. मी समासात पेन्सिलीनेसुद्धा कधी लिहिले नाही.

एवढी हिशेबी असूनही मी फसले, आणि तेही सर्वांत महाग वस्तूच्या बाबतीत.

त्याच कॅम्पात पहिल्या मजल्यावर एक क्लास होता. तिथे टपालाने चाचणी मालिका चालवत: घरी प्रश्नपत्रिका येणार, तीन तास घड्याळ लावून उत्तरे लिहायची, परत पाठवायची, आणि अधिकारी परीक्षकांनी तपासून गुणांसह येणार. फी दोनशे चाळीस रुपये, दोन हप्त्यांत. शिवाय सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स सक्तीच्या, त्यांचे साठ वेगळे. आजोबांना मी त्या नोट्स दाखवल्या तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बेटी, हे किती दिले?"

"साठ."

"साईं, मला सांगायचं ना! यही माल मी तुला नऊ रुपयांत दिला. तुझीच आठवीची किताब आहे ही, फक्त चित्रं काढून टाकली."

मी हसले आणि दुर्लक्ष केले. पुस्तक विकणाऱ्याला क्लासचा मत्सर असणारच, अशी माझी समजूत होती. मला त्या फीत विकत हवे होते ते निराळेच. मी लिहिते ते बरे की वाईट, हे सांगणारे जगात कोणीच नव्हते. ते सांगणारा एक माणूस मी दोनशे चाळीस रुपयांना विकत घेत होते.

पहिल्या हप्त्यात चार पेपर झाले. शंभरापैकी गुण आले ते असे: चव्वेचाळीस, शेहेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस. प्रत्येकावर लाल शाईत एकच शेरा: "विस्तार हवा. प्रयत्न चालू ठेवा." मी विस्तार केला, मग काटछाट केली, मग पुन्हा विस्तार केला. गुण चाळिशीतून हलेनात.

अर्ज भरण्याची मुदत जवळ येत होती. फी फार नव्हती, पण अर्जाबरोबर पुढचे सगळे येत होते: ऐच्छिक विषयाची दोन नवी पुस्तके, जी आजोबांकडे नव्हती, आणि परीक्षेच्या आधीची बिनपगारी रजा. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "वन्सं, राग मानू नका. पण सेहेचाळीस मार्कांना कोण साहेब करतंय? त्यापेक्षा ते पैसे टाका पोस्टात."

मला राग आला नाही. मी मनातल्या मनात अर्ज रद्द केलाच होता. मात्र दुसऱ्या हप्त्यातले चार पेपर देऊन पाहावेत आणि एकात जरी पन्नास मिळाले तर अर्ज भरावा, असे ठरवले. पुस्तकांसाठी आणि रजेसाठी साठवलेल्या पैशांना हात न लावता हप्त्याचे एकशे वीस रुपये मात्र निघत नव्हते. मुदत मागायला मी क्लासच्या सरांकडे गेले. ते पन्नाशीचे, गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझी उत्तरपत्रिका चाळली.

"अक्षर फार सुरेख आहे हो. एम.ए. ना तुम्ही? मग असं करा, पेपर तपासा आमचे. पाऊण रुपया पेपर. एकशे साठ तपासलेत की हप्ता फिटला."

"पण सर, मी स्वतःच उमेदवार आहे."

"म्हणून तर! काय लिहायचं असतं ते तुम्हालाच जास्त ठाऊक."

त्या वाक्यावर मी तिथेच थांबायला हवे होते. ज्या अधिकारी परीक्षकाच्या मतासाठी मी पैसे मोजले, तो माझ्यासारखाच हप्ता फेडणारा कोणी असणार, हे त्या एका वाक्यात उघडे पडले होते. पण मला नाही म्हणता येत नसे. मी वीस उत्तरपत्रिका घरी नेल्या आणि दोन रविवार त्यांत घातले. प्रत्येक उत्तराखाली काय सुटले आणि काय साधले ते लिहिले. एका मुलाचा सिंचनावरचा निबंध इतका नेटका होता की त्याला त्रेसष्ट दिले, आणि देताना मला त्याचा थोडा हेवाही वाटला.

गठ्ठा परत दिला तेव्हा सरांनी खिशातून दाढीचे ब्लेड काढले आणि त्रेसष्टचा आकडा हलक्या हाताने खरवडून टाकला. बोटाने भुकटी झटकली आणि लाल पेनाने एकोणपन्नास लिहिले. माझ्या समोर, बोलता बोलता.

"बाई, हे नवीन आहे तुम्हाला, म्हणून सांगतो. पन्नासच्या वर जायचं नाही. वर गेला की त्याला वाटतं, आपल्याला येतंय, मग तो पुढचा हप्ता कशाला भरेल? आणि चाळीसच्या खाली यायचं नाही. तो परीक्षाच सोडतो, आपणही गेलो."

"आणि तो खरंच चांगला असेल तर?"

"तर आपल्याशिवायही पास होईल की! त्याचं काय नुकसान?"

ते हसले. मी पिशवी उचलून जिना उतरले, आणि हे माझ्या स्वभावाला शोभेसेच झाले. आज मात्र सांगते, त्या हसण्यात जे नीचपण होते तसे मी पुढे तीस वर्षांच्या नोकरीत, लाच खाणाऱ्यांतही, क्वचितच पाहिले. लाच घेणारा निदान तुमचे काम तरी करतो. या माणसाने आमच्याकडून आमच्याविषयीचे सत्य सांगण्याचे पैसे घेतले होते, आणि ते सत्य तो ब्लेडने खरवडत होता.

घरी आल्यावर मी माझ्या चारही उत्तरपत्रिका काढून खिडकीशी धरल्या. चारांपैकी तीन पत्रिकांवर गुणांच्या जागी कागद पातळ झाला होता; उजेड आरपार येत होता. खाली काय लिहिले होते ते वाचता आले नाही. ते मला आजही माहीत नाही.

वहिनीने विचारले, "उन्हात कागद का वाळवताय?" मी सगळे सांगितले. ती भाजीची परात बाजूला ठेवून उठली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती उल्हासनगरला त्या पहिल्या मजल्यावर पोहोचली. मी दाराशी उभी राहिले.

"आमच्या वन्संनी वीस पेपर तपासलेत. पंधरा रुपये झाले. द्या."

"अहो वहिनी, ते हप्त्यात वळते होतील."

"हप्ता भरणार नाही आम्ही. आणि मला वहिनी म्हणू नका, तुमचा भाऊ कोण ते मला माहीत नाही. पंधरा रुपये काढा, नाहीतर जिन्यात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक पोराला तुमचं ब्लेड दाखवते."

बाकावर दोन मुले फॉर्म भरत बसली होती. त्यांनी मान वर केली. सरांनी पंधरा रुपये दिले.

खाली आल्यावर ती म्हणाली, "चला पोस्टात. अर्जाची फी भरायचीय ना? उरले तर मला वडा." मुदतीला तीन दिवस होते.

मी अर्ज भरला. ऐच्छिक विषयाची पुस्तके घेतली. नवी, पूर्ण किमतीला, आणि त्यांच्या समासात मनसोक्त लिहिले. चाचण्यांऐवजी जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या. वहिनी मुलांना शिकवणीला सोडून येताना वेळ झाल्याची हाक देई. उत्तरे तपासायला कोणी नव्हते. दोन आठवडे ती तशीच ठेवायची, आणि मग परक्याची म्हणून वाचायची, एवढा उपाय मी शोधला. तो फुकट होता. मी पहिल्या पन्नासांत वगैरे आले नाही, पण निवड झाली, आणि निवृत्तीपर्यंतची भाकरी त्या निवडीने दिली.

इथे हकिगत संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. तपासलेल्या वीस उत्तरपत्रिकांचा एक तक्ता मला भरून द्यायचा होता: नाव, पत्ता, गुण. कार्यालयातल्या सवयीने मी तो कार्बन घालून लिहिला होता. खालची प्रत माझ्याजवळ राहिली. कुळगाव, शिरगाव, मुरबाड, कर्जत असे वीस पत्ते, आणि त्यांच्यासमोर मी दिलेले खरे गुण. त्यांतल्या अकरा जणांना पन्नासच्या वर होते. सिंचनावर लिहिणारा मुलगा शिरगावचा होता, आमच्यापासून स्टेशन ओलांडून पलीकडे. त्या अकरा जणांना टपालाने चाळिशीतले आकडे गेले. त्यांतल्या कितींनी माझ्यासारखे मनातल्या मनात अर्ज रद्द केले, ते मला माहीत नाही. निकालाच्या यादीत मी नावे शोधली. दोनच सापडली, आणि शिरगावच्या मुलाचे त्यांत नव्हते.

अकरा पोस्टकार्डांना तेव्हा दोन रुपयेसुद्धा लागले नसते. मुदतीला तीन दिवस होते, आणि शिरगाव तर पायी जाण्यासारखे होते. मला भीती वाटली. परक्या मुलाच्या दारात जाऊन काय बोलायचे, सरांना कळले तर काय, माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवील. सरांवर मी आजवर जेवढी संतापले त्यातला निम्मा संताप माझ्या वाट्याचा आहे, हेही इथेच लिहून ठेवते.

तुम्ही माझ्या जागी असता, तर ती पत्रे टाकली असती का?