दोघींची एकच हाक

शिवणकाम करणाऱ्या मावशींना मुली दोन झाल्या, नाव मात्र एकच. थोरली चार वर्षांची असताना तापात गेली. पुढे धाकटी झाली, तेव्हा मावशींनी हट्टच धरला, तेच नाव ठेवायचं. सासूने कपाळावर हात मारला, "अगं, गेलेल्याचं नाव ठेवू नये!" पण मावशी कुणाचं ऐकतील तर शपथ! त्यांना ते नाव घरात ऐकू यायला हवं होतं. हाक मारली की धाकटी ओ द्यायची, आणि मावशींना दाराआडून आणखी एक ओ ऐकू यायची. भीती कसली? ती दुसरी ओ आली नाही, तरच त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

थोरलीचं बँकेतलं खातंही त्यांनी बंद केलं नाही. मशीनवर मिळालेलं त्यातच टाकत राहिल्या. मराठीत नाव तेच, मग विचारतंय कोण?

विचारलं ते धाकटीला परदेशात नर्सची नोकरी लागली तेव्हा. व्हिसासाठी खात्याचा उतारा हवा होता, तोही पासपोर्टवरच्या नावाचा. बँकेत इंग्रजी स्पेलिंग वेगळं निघालं. तिथल्या जुन्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं, पासपोर्टवर मात्र शाळेच्या दाखल्यावरचं. "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र आणा," बँकेतले साहेब म्हणाले.

कोर्टासमोरच्या टायपिस्टने दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवले. जुळत होते. मग त्याने बँकेने दिलेलं खातेदाराच्या माहितीचं पत्र पाहिलं आणि त्याचे हात थांबले.

"मावशी, इथे जन्मसाल सहा वर्षं आधीचं कसं?"

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. "आई, हे ताईचं खातं आहे?"

"दोघींचं आहे," मावशी पुटपुटल्या. "दोघी एकच."

टायपिस्टने कागद मशीनमधून काढला. "स्पेलिंगचा फरक मी दोन ओळींत मिटवतो, मावशी. पण ही माणसंच दोन आहेत. खोट्या शपथेवर सही केलीत, तर पोरीचं जाणं कायमचं बोंबलेल. जुनं खातं मृत्यूचा दाखला देऊन बंद करा. हिचं नवं काढा, पासपोर्टवर आहे अगदी त्याच अक्षरांत. उशीर होईल, पण पुढे अडणार नाही."

मृत्यूचा दाखला ट्रंकेच्या तळाशी होता. इतक्या वर्षांत मावशींनी त्याची घडी उलगडली नव्हती. उगाच नाही, उलगडला की दोघी वेगळ्या झाल्या असत्या.

बँकेत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "मयत खातेदाराचं नाव?"

मावशींनी नाव घेतलं, घरात हाक मारतात तसंच, मोठ्याने.

"ओ!" मागे उभी असलेली धाकटी सवयीने म्हणाली.

मावशी वळल्या. दुसऱ्या ओसाठी त्यांनी कान दिला.

"तुला नाही गं, बाळा," त्या म्हणाल्या, "ताईला हाक मारली."